बेगलवरची खसखस आणि लघवीतले मॉर्फिन: पेनसिल्व्हेनियातील एका प्रकरणाची चिकित्सा

एप्रिल 2010. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लॉरेन्स काउंटीत एक स्त्री बाळंतपणासाठी रुग्णालयात दाखल झाली. येण्याआधी तिने ‘एव्हरीथिंग बेगल’ खाल्ला होता. हा मधे भोक असलेला जाडसर पाव असतो आणि त्याच्या पाठीवर तीळ, खसखस, सुका कांदा, लसूण आणि जाड मीठ थापलेले असते. दाखल होताना घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात ओपिएट, म्हणजे मॉर्फिनसारखे अफूतले पदार्थ, पॉझिटिव्ह आले. रुग्णालयाने ते काउंटीच्या बालकल्याण विभागाला कळवले. मुलगी तीन दिवसांची असताना विभागाने तिला आईवडिलांकडून काढून घेतले. पाच दिवसांनी ती परत मिळाली, कारण आई अमली पदार्थ घेत असल्याचा दुसरा कोणताच पुरावा सापडला नाही. पुढे दावा झाला आणि 2013 मध्ये काउंटी आणि रुग्णालय यांनी 1,43,500 डॉलर देऊन तो मिटवला.

या प्रकरणाच्या बातम्यांमध्ये ‘चुकीचा पॉझिटिव्ह’ असा शब्दप्रयोग सर्रास आला. तो दिशाभूल करणारा आहे. खसखस खाल्लेल्या माणसाच्या लघवीत मॉर्फिन खरोखरच असते. यंत्र खोटे बोलत नाही, किटमध्ये बिघाड नसतो, नमुन्यांची अदलाबदलही झालेली नसते. आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ साफ चुकू शकतो, आणि लॉरेन्स काउंटीत तेच झाले. म्हणून मॉर्फिन बियांवर येते कुठून, पोटात किती जाते आणि चाचणी कोणत्या टप्प्यावर फसते, हे क्रमाने पाहावे लागते.

बीत नाही, बीवर

खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचे बी. पाकळ्या गळल्या की मागे बोंड राहते, आणि त्याच्या सालीत बारीक नलिकांचे जाळे असते. त्यातला पांढरा चीक वाळला की अफू होते. मॉर्फिन, कोडीन, थेबाईन, नॉस्कॅपीन, पॅपाव्हरीन ही सगळी अल्कलॉइडे या चिकात असतात. बोंडाच्या आत पिकणाऱ्या बियांमध्ये मात्र या नलिका नसतात. बीच्या गरात तेल आणि प्रथिने असतात, अल्कलॉइड जवळजवळ नसते.

मग ते येते कसे? कापणी आणि मळणीच्या वेळी. यंत्राने बोंडे चिरडली की सालीचा भुगा आणि चिकाचा अंश बियांना माखतो. बोंडे पुरती वाळायच्या आत कापली, पावसात भिजली किंवा किड्यांनी पोखरली, तर चीक आतल्या बाजूलाही झिरपतो. आणि बीचा पृष्ठभाग असा की काही चिकटले तर सहज सुटू नये. भिंगाखाली धरले तर मूत्रपिंडाच्या आकाराचा, जेमतेम एक मिलिमीटरचा दाणा दिसतो आणि त्याच्या अंगभर उंचवट्यांची जाळी असते. त्या जाळीच्या खळग्यांत धूळ आणि वाळलेला चीक बसतो. एका ग्रॅममध्ये असे सुमारे तीन हजार दाणे मावतात, म्हणजे माखायला पृष्ठभाग भरपूर.

त्यामुळे एका पोत्यातली खसखस आणि दुसऱ्या पोत्यातली खसखस यांत शंभरपट फरक पडू शकतो. एका किलोत एखाद-दोन मिलिग्रॅम मॉर्फिन असलेले नमुने सापडतात, तसे दोनशे मिलिग्रॅमच्या वर गेलेलेही सापडतात. औषधनिर्मितीसाठी वाढवलेल्या, मुद्दाम जास्त मॉर्फिनच्या वाणांचे बी जोडउत्पादन म्हणून बाजारात आले तर आकडा वर जातो. खाण्यासाठी निवडलेल्या कमी मॉर्फिनच्या वाणाचे बी नीट चाळून, झटकून आले तर खाली राहतो. निळसर-काळी म्हणजे वाईट आणि पांढरी म्हणजे चांगली, असा नियम मात्र लावता येत नाही. रंग वाणाचा असतो, माखणे कापणीवर ठरते.

भारतात केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या परवान्याने मंदसौर, नीमच, चित्तोडगड, प्रतापगड, बाराबंकी अशा भागांत ही शेती होते. तिथे परंपरेने बोंडाला हाताने चिरा देतात, दुसऱ्या दिवशी सकाळी चीक खरवडून घेतात आणि बोंड झाडावरच वाळू देऊन नंतर बी काढतात. चीक आधीच काढलेला असल्याने हे बी तुलनेने कमी माखलेले असावे, असा तर्क करता येतो. पण आपल्या दुकानातली खसखस देशीच असेल याची खात्री नसते, बराच माल तुर्कस्तानातून येतो. 1985 च्या एनडीपीएस कायद्याने ‘पॉपी स्ट्रॉ’च्या, म्हणजे कापणीनंतरच्या अफूच्या झाडाच्या, व्याख्येतून बी वगळले आहे, म्हणून वाण्याच्या दुकानात खसखस उघड मिळते आणि डोडा, म्हणजे वाळलेले बोंड, बाळगला की गुन्हा होतो. बीवर किती मॉर्फिन आहे याच्याशी या वर्गवारीचा काही संबंध नाही.

एका बेगलचा हिशेब

त्या बेगलवर किती खसखस होती, ती कोणत्या लॉटची होती, हे कुणी मोजलेले नाही. म्हणून इथे गृहीत आकडे घेऊन हिशेब करू. तो सोपा आहे आणि कुणालाही आपल्या ताटासाठी करता येतो.

पावावर 3 ग्रॅम खसखस धरा. तिच्यात किलोला 100 मिलिग्रॅम मॉर्फिन आहे असे माना, हा आकडा वरचा असला तरी दुर्मीळ नाही. पोटात 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे 300 मायक्रोग्रॅम मॉर्फिन गेले. वेदनेसाठी देतात त्या मॉर्फिनच्या गोळीत साधारण 10 मिलिग्रॅम असते, म्हणजे हा तिचा तिसावा-चाळिसावा हिस्सा. नशा चढण्याचा प्रश्नच नाही.

यकृत या मॉर्फिनला ग्लुकुरोनिक आम्ल जोडते आणि बहुतेक भाग त्या रूपात मूत्रपिंडातून बाहेर पडतो. पहिल्या सात-आठ तासांत 100 मायक्रोग्रॅम उतरले आणि त्या वेळात माणसाने 300 मिली लघवी केली असे धरू. मग प्रमाण झाले लिटरला सुमारे 330 मायक्रोग्रॅम, म्हणजेच मिलिलिटरला 330 नॅनोग्रॅम. प्रयोगशाळा याच एककात बोलते.

आता तीन बदल करून पाहा. खसखस किलोला 20 मिलिग्रॅमची असती तर आकडा 70 च्या आत राहिला असता. त्याच वेळात भरपूर पाणी पिऊन 900 मिली लघवी झाली असती तर 330 चे 110 झाले असते. आणि उलट, माणूस कळांमुळे पाणी न पिता बसला असेल आणि लघवी 150 मिलीच झाली असेल, तर तोच बेगल 660 दाखवेल. एकच पदार्थ खाल्लेल्या दोघांचे रिपोर्ट वेगळे येण्यामागे बहुतेक वेळा एवढेच कारण असते. म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळा नमुन्यातील क्रिएटिनीनही पाहतात. त्यावरून लघवी किती पातळ किंवा दाट आहे हे कळते.

300 की 2000

लघवीची चाचणी दोन टप्प्यांत होते. पहिली चाळणी. तिच्यात प्रतिपिंडे असतात आणि ती मॉर्फिनसारख्या रचनेच्या रेणूंना पकडतात. मॉर्फिन, कोडीन आणि त्यांची ग्लुकुरोनाइडे यांत ती फारसा भेद करत नाहीत. निकाल फक्त ठरवलेल्या मर्यादेच्या, म्हणजे ‘कट-ऑफच्या वर’ किंवा ‘खाली’ असा येतो.

हा कट-ऑफ रसायनशास्त्राने ठरत नाही, धोरणाने ठरतो. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील चाचण्यांसाठी तो आधी 300 नॅनोग्रॅम होता. खसखस खाणारे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीने कोडीन घेणारे लोकच त्यात इतके सापडू लागले की 1 डिसेंबर 1998 पासून तो 2000 करण्यात आला. पण हा नियम सरकारी आणि सरकारच्या नियमांखालील नोकऱ्यांपुरता होता. रुग्णालयांवर तो बंधनकारक नव्हता आणि 300 चे किट आजही सहज मिळते. रुग्णालयाच्या दृष्टीने ते ठीकही आहे. बेशुद्ध रुग्ण आला तर थोडासाही अंश सुटू नये, आणि पुढचे डॉक्टर रुग्णाकडे पाहून ठरवतातच.

लॉरेन्स काउंटीत घोटाळा झाला तो इथे. रुग्णालयाचा कट-ऑफ केंद्रीय मर्यादेच्या कितीतरी खाली होता. उपचारासाठी म्हणून इतका खाली ठेवलेला निकाल मूल ताब्यात घेण्याचा आधार ठरला. आपला 330 चा गृहीत आकडा घ्या. 300 च्या किटवर तो पॉझिटिव्ह आणि 2000 च्या किटवर निगेटिव्ह. स्त्री तीच, नमुना तोच.

पुष्टी चाचणीने सुटका होत नाही

‘मग नमुना मोठ्या यंत्रावर पुन्हा तपासला असता तर?’ हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या टप्प्यात गॅस किंवा द्रव क्रोमॅटोग्राफीला मास स्पेक्ट्रोमेट्री जोडतात. तिच्यात रेणू वजनाने आणि तुकड्यांवरून ओळखला जातो, त्यामुळे चाळणीत एखाद्या भलत्याच औषधाने प्रतिपिंडाला फसवले असेल तर ते इथे उघड होते. खसखशीच्या बाबतीत मात्र हे यंत्र ‘होय, हे मॉर्फिनच’ असे अधिक ठामपणे सांगते. पुष्टी झाली म्हणजे हेरॉइन सिद्ध झाले असे समजणे ही दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा जास्त घातक, कारण तिच्यावर महागड्या यंत्राचा शिक्का असतो.

मॉर्फिन कुठून आले हे कळायला सोबत दुसरे काय सापडते ते पाहावे लागते. हेरॉइन शरीरात गेले की आधी 6-मोनोअॅसिटिलमॉर्फिन होते आणि मग मॉर्फिन. पहिला रेणू ना खसखशीतून येतो, ना मॉर्फिन किंवा कोडीनच्या गोळीतून. तो 10 नॅनोग्रॅमच्या कट-ऑफला सापडला तर खसखशीचे स्पष्टीकरण तिथेच संपले. तो सापडला नाही तर मात्र माणूस निर्दोष ठरला असे म्हणता येत नाही, कारण हा रेणू लघवीत काही तासच टिकतो आणि मॉर्फिन दोन-तीन दिवस.

दुसरी खूण थेबाईनची. ते चिकात असते, म्हणून खसखस खाणाऱ्याच्या लघवीत बरेचदा सापडते. शुद्ध मॉर्फिन किंवा कोडीनच्या औषधातून ते येत नाही, आणि हेरॉइन बनवताना होणाऱ्या प्रक्रियेत ते रूप बदलते. म्हणजे थेबाईन सापडले तर ‘वनस्पतीचा अंश पोटात गेला’ हे पक्के. पण तो अंश खसखशीचा की अफू किंवा डोड्याचा, हे थेबाईन सांगू शकत नाही. अफू आणि डोडा खाणारे जिथे आहेत अशा आपल्या देशात ही मर्यादा नुसती पुस्तकी नाही.

कोडीन आणि मॉर्फिन यांचे गुणोत्तरही पाहतात. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधानंतर सुरुवातीला कोडीन जास्त दिसते, कारण यकृत त्याचा थोडाच भाग मॉर्फिनमध्ये बदलते. खसखशीनंतर साधारणपणे मॉर्फिन जास्त. मात्र यावर फार विसंबू नये, कारण काही वाणांत कोडीनच जास्त असते. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळायचा सल्ला दिला, तो याच कारणाने: काही खसखशींत कोडीनचे प्रमाण पूर्वी धरले होते त्याहून जास्त आढळले.

आकड्याच्या आकाराचाही उपयोग होतो. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमांत 15,000 नॅनोग्रॅमच्या खाली मॉर्फिन किंवा कोडीन आले आणि 6-मोनोअॅसिटिलमॉर्फिन नसले, तर निकाल पाहणाऱ्या डॉक्टराला गैरवापराची शारीरिक लक्षणे दाखवावी लागतात: सुईच्या खुणा, गुंगी, व्यसन सुटताना होणारा त्रास. नुसत्या आकड्यावर तो पॉझिटिव्ह ठरवू शकत नाही. 15,000 च्या वर सिद्ध करायची जबाबदारी नमुना देणाऱ्यावर जाते आणि तिथे खसखशीचे कारण चालत नाही. हे तत्त्व लॉरेन्स काउंटीत कुणी लावले असते तर एका प्रश्नातच काम भागले असते: काल-आज काय खाल्ले? आईवर लक्षणे नव्हती आणि नवजात मुलीला पदार्थ अचानक तुटल्याचा त्रास होत नव्हता, तर आकड्याला पाठबळ देणारे दुसरे काहीच उरत नव्हते.

बेगल गेला, खिरीची वाटी आली

2000 चा कट-ऑफ पावावर भुरभुरलेल्या खसखशीला पुरतो. मराठी स्वयंपाकघरातल्या मापाला तो पुरेलच असे नाही, आणि हे आपल्याकडे फारसे कुणी बोलत नाही. खसखशीच्या खिरीच्या एका वाटीत 25-30 ग्रॅम खसखस सहज जाते. वरचाच हिशेब दहापट करा: 30 ग्रॅम, किलोला 100 मिलिग्रॅम, म्हणजे 3 मिलिग्रॅम मॉर्फिन, आणि पहिल्या आठ तासांत सुमारे 3,300 नॅनोग्रॅम. तो 300 च्या तर पलीकडे आहेच, 2000 च्याही पलीकडे आहे.

अन्नसुरक्षेच्या बाजूनेही हे माप लहान नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये एका वेळच्या सेवनासाठी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे 10 मायक्रोग्रॅम मॉर्फिन ही मर्यादा धरली. यात कोडीन पाचव्या हिश्श्याने मिळवतात. 60 किलोच्या माणसाला ती 600 मायक्रोग्रॅम होते. युरोपीय संघाने जुलै 2022 पासून ग्राहकाला विकायच्या खसखशीवर किलोला 20 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेतली खसखस घेतली तरी 30 ग्रॅमच्या खिरीत बरोबर 600 मायक्रोग्रॅम भरतात. नियम करताना डोळ्यासमोर पाव आणि केक होते, हे यावरून दिसते.

स्वयंपाकात काय होते तेही पाहिले पाहिजे. मॉर्फिन दुधाच्या उकळीला टिकते. खिरीत खसखस भिजवून, वाटून, दुधात शिजवतात, आणि भिजवलेले पाणी वाटताना आत गेले तर काहीच बाहेर पडत नाही. गोड्या किंवा मालवणी मसाल्यासाठी कढईत दोन-तीन मिनिटे कोरडी भाजतात, तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. अनारशाची खसखशीची बाजू तुपात वर ठेवून तळतात, उलटत नाहीत, नुसते झाऱ्याने तूप उडवतात. त्यामुळे वरच्या दाण्यांना तळाइतकी आच लागतच नाही. सुदैवाने एका अनारशावर खसखस ग्रॅमभरच असते.

खरा फरक पडतो धुण्याने. मॉर्फिन पृष्ठभागावर आहे आणि चिकातल्या क्षारांच्या रूपात पाण्यात उतरते. म्हणून खसखस बारीक गाळणीत घेऊन भरपूर गरम पाण्याने दोन-तीनदा खळबळायची आणि प्रत्येक वेळचे पाणी टाकून द्यायचे. दाणे बारीक असल्याने ती मलमलच्या फडक्यात धुणे सोयीचे. मग पसरून वाळवायची. यात मॉर्फिनचा बराच मोठा भाग जातो, पण शून्य होत नाही. चाचणी तोंडावर असेल तर धुतलेलीही खाऊ नये. न धुतलेल्या बियांचा काढा करून पिणे हा वेगळाच प्रकार आहे. त्यात जे धुऊन टाकायचे तेच प्यायले जाते, आणि अशा काढ्याने माणसे दगावली आहेत.

चाचणी असेल तर

बोटीवर रुजू होण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी, आखातातली नोकरी, विमानसेवा, खेळाडूंची चाचणी अशा ठिकाणी मराठी घरांतल्या लोकांची या प्रश्नाशी गाठ पडते. नमुना देण्याआधी तीन पूर्ण दिवस खसखस बंद ठेवावी. खीर, अनारसे आणि थंडाई लक्षात राहतात. हॉटेलातली घट्ट पांढरी ग्रेव्ही, विकतचा मसाला, बंगाली मित्राकडचे पोस्तो हे विसरायला होते. पाकिटावरच्या घटकांत ‘पॉपी सीड्स’ आहे का, एवढे वाचावे.

खाल्ले गेलेच तर नमुना देण्यापूर्वी फॉर्मवर लिहावे: काय, किती, केव्हा. नंतर सांगितलेले निमित्त वाटते. सोबत खोकल्याचे किंवा दुखण्याचे औषध चालू असेल तर तेही लिहावे. निकाल पॉझिटिव्ह आला तर ‘पुन्हा तपासा’ एवढेच म्हणून उपयोग नाही, वर म्हटल्याप्रमाणे पुन्हा मॉर्फिनच सापडेल. लेखी मागायचे ते असे: मॉर्फिन आणि कोडीनचे प्रत्यक्ष आकडे, वापरलेला कट-ऑफ, क्रिएटिनीन, 6-मोनोअॅसिटिलमॉर्फिनचा निकाल, आणि जमल्यास थेबाईन. नमुन्याची सीलबंद दुसरी बाटली असेल तर ती राखून ठेवायला सांगावे. घरातली खसखस टाकून देऊ नये, पाकीट लॉट क्रमांकासकट ठेवावे, कारण त्याच लॉटची तपासणी हाच सर्वांत सरळ पुरावा असतो. तीन-चार दिवसांनी खसखस न खाता दिलेला दुसरा नमुना निगेटिव्ह आला तर तो एकदाच्या खाण्याशी जुळतो. मात्र अमली पदार्थाच्या एकदाच्या सेवनाशीही तो तितकाच जुळतो, त्यामुळे त्याला एकट्याने फार वजन नाही.

आखाती देशांत आणि सिंगापूरमध्ये प्रश्न लघवीपर्यंत पोहोचतच नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूर इथे खसखस बाळगणेच बेकायदा आहे. तिथे बॅगेत सापडलेल्या पुडीला कट-ऑफ नसतो आणि ‘भारतात वाण्याकडे मिळते’ हे उत्तर चालत नाही. दिवाळीचा डबा पाठवताना अनारसे वगळावेत, आणि घरचा मसाला पाठवायचा असेल तर तो खसखस न घालता वेगळा कुटून घ्यावा.